१८६५ ची मुंबई: लढाई संपणार हे ठाऊक होतं, तरी शेअर कोण आणि का घेत होतं?

रेवती_गोरेगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते आहे. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग इंग्लंडची नजर वळली मुंबई बंदराकडे. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, गुजरात, जिथून मिळेल तिथून कापूस इथे येऊन जहाजावर चढू लागला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असंही त्या काळाबद्दल सांगतात. चार-पाच वर्षांत एरवीच्या भावाने जे मिळालं असतं त्याच्या वर सुमारे ७ ते साडेसात कोटी पौंड या शहरात आले, असा अंदाज आहे. तेव्हा पौंड म्हणजे साधारण दहा रुपये.

आता एवढा पैसा ठेवायचा कुठे? गिरण्या थोड्या, जमीन थोडी. मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या वगैरे ८ जमीन-कंपन्या होत्या. सगळ्यात गाजली ती बॅक बे रिक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत गेला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० चा शेअर २,८५० ला पोचला. बॅक बेत त्या वेळी जमीन नव्हती, पाणी होतं.

पुढे १८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती जनरल लीने शरणागती पत्करली, बातमी इथे पोचली आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बेचा तोच शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला.

मला पडलेला प्रश्न असा. लढाई कधीतरी संपणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. या व्यापाऱ्यांच्या पेढ्या कितीतरी पिढ्यांच्या, हिशेबात एक पै चुकू न देणाऱ्या. मग ही माणसं पाण्यातल्या जमिनीला दहापट भाव देत का राहिली? फक्त हाव म्हणून विषय संपवू नका, ही विनंती. हाव काय, १८५५ मध्येही होती आणि १८७५ मध्येही.

सह्यकडा

चांगला धागा. पण यात एवढं कोडं काय आहे, ते कळलं नाही. कापसाचा भाव चढला तसा पैसा आला, पैसा आला तसे शेअर चढले. लढाई संपली, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, कापूस पडला, शेअर पडले. ज्याच्या जोरावर इमला उभा होता तेच गेलं. मधल्या लोकांना वाटलं लढाई आणखी दोन वर्षं चालेल. अंदाज चुकला, एवढंच.

जुनी_वही

सह्यकडा, सुरुवातीबद्दल तुम्ही बरोबर आहात. शेवटाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. या प्रकरणाचा नाद मला तिथूनच लागला.

आधी कापसाचं बघू. लढाईपूर्वी लिव्हरपूलला अमेरिकी कापूस पौंड वजनाला सहा-सात पेन्सने जायचा. १८६४ मध्ये तो पंचवीस पेन्सच्या वर गेला. लढाई संपल्यावर पडला हे खरं, पण १८६६ मध्येही तो जुन्या भावाच्या दुपटीच्या आसपास होता. दक्षिणेतली शेती उद्ध्वस्त झाली होती, ती एका हंगामात थोडीच उभी राहते? म्हणजे मुंबईचा कापसाचा धंदा मेला नव्हता. चांगला पैसा मिळतच होता, फक्त पूर्वीसारखा वेडा पैसा नव्हता. मग २,८५० चा शेअर ८७ वर का यावा? कापूस निम्मा होतो आणि बँकेचा शेअर तेहतिसाव्या हिश्श्यावर येतो. हा फरक कापसाने समजत नाही, कर्जाने समजतो.

बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, सरकारचं भागभांडवल असलेली, संचालक मंडळात सरकारचे प्रतिनिधी असलेली. जुन्या सनदेत कर्ज कशावर द्यायचं याची कडक बंधनं होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मुभा मिळाली. भावाच्या वाढीला जोर आला तो इथून.

एक कल्पित व्यापारी घेऊ. आकडे सोपे ठेवतो, त्या काळातल्या कुठल्या वहीतले नाहीत. त्याच्याकडे कापसाचे कमावलेले १०,००० रोख आहेत. त्याने १,००० च्या भावाने १० शेअर घेतले. ते बँकेत ठेवले, बँकेने किमतीच्या ७० टक्के म्हणजे ७,००० दिले. त्याचे आणखी ७ शेअर घेतले. आता शेअर १७, कर्ज ७,०००.

भाव १,५०० झाला. १७ शेअर २५,५०० चे झाले. त्यावर बँक १७,८५० पर्यंत द्यायला तयार. म्हणजे नवीन १०,८५० उचलता येतात. लक्षात घ्या, या माणसाने कापूस विकला नाही, घाम गाळला नाही. निव्वळ भाव वाढला म्हणून त्याच्या हातात खरेदीला दहा हजार आले. त्यातल्या १०,५०० चे त्याने ७ शेअर घेतले. शेअर २४, कर्ज १७,५००.

असे हजार लोक एकाच वेळी हेच करतात तेव्हा भाव आणखी चढतो, तारणाची किंमत वाढते, नवं कर्ज मिळतं, ते पुन्हा बाजारात येतं. रेवतीताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. चढता भाव बघून गिऱ्हाईक आकर्षित होतं हे खरंच, पण चढता भाव गिऱ्हाइकाच्या खिशात पैसाही घालतो. एरवी वस्तू महागली की लोक हात आखडता घेतात. इथे महागली की हात सैल होतो.

आता उलट. भाव ७०० वर आला. २४ शेअरची किंमत १६,८००, कर्ज १७,५००. माणूस संपला, वर बँकेचेही ७०० बुडाले. भाव किती पडला? त्याने सुरुवात केली होती त्याच्या फक्त ३० टक्के खाली. कर्ज न काढता दहाच शेअर धरून बसला असता तर आज त्याच्याकडे ७,००० असते.

आणि बँक काय करणार? तारण विकायला काढणार. सगळ्याच बँका तेच तारण विकायला काढणार. घेणार कोण? जे घेत होते ते सगळे कर्जावरच घेत होते.

नितीन_कोथरूड

काका, अंगावर काटा आला वाचताना. माझा अनुभव शेअरचा नाही, फ्लॅटचा आहे. २००७ च्या आसपास शहराबाहेरच्या एका प्रकल्पात मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून दोन फ्लॅट बुक केले. राहायला नव्हते घेतले. दहा टक्के भरायचे, अलॉटमेंट लेटर घ्यायचं आणि ताबा येण्याआधी दुसऱ्याच्या नावावर करून मधला फरक खिशात घालायचा, असा बेत होता. पहिल्या लेटरचा सौदा झालाही आणि पैसे मिळालेही. त्या लेटरचे आमच्या आधी दोन मालक होऊन गेले होते.

दुसऱ्या वेळी गिऱ्हाईकच मिळेना. साइटवर तेव्हा नुसता खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी. ताईंनी बॅक बेत पाणी होतं म्हटलं, ते वाचून हेच आठवलं. बिल्डर हप्ता मागत होता. शेवटी भरलेले दहा टक्के सोडून दिले.

तेव्हाही असं लेटर विकायची पद्धत होती का?

जुनी_वही

होती ना! कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी, नुसते शेअर वाटपात मिळाले तरी ते अधिमूल्यावर विकले जात. म्हणून वाटपाच्या यादीत नाव यावं यासाठी झुंबड उडायची आणि दलालांना भाव आला. त्यातले सगळ्यात मोठे प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, म्हणजे तेजीच्या ऐन भरात जेमतेम तेहतीस वर्षांचे. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांचं नाव होतं. ते कुठल्या कंपनीत आहेत एवढ्यावरून तिचा शेअर चढायचा.

मंदार_ठाणे

बॅक बे म्हणजे नरिमन पॉइंटचीच भरणी ना? त्यात सरकारी भ्रष्टाचार झाला होता आणि बॅरिस्टर नरिमन यांनी तो बाहेर काढला, असं वाचलं आहे. मग यात शेअर कुठून आले?

रेवती_गोरेगाव

मंदार, ती पुढची गोष्ट, १९२० च्या दशकातली. ती योजना सरकारची होती. खु. फ. नरिमन यांनी तिचे वाभाडे काढले ते तेव्हा. जागा तीच, पण साठ वर्षं आधी तिथे खासगी कंपनीने भरणी करायला घेतली होती आणि आपण बोलतोय ती ही. त्या पहिल्या कंपनीचं दिवाळं वाजलं आणि भरलेली पट्टी सरकारकडे गेली.

काका, कर्जाचं चक्र कळलं. पण माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. चक्र चालू आहे हे आत बसलेल्यांना दिसत नव्हतं का? आणि दिसत असेल तर बाहेर का पडले नाहीत?

जुनी_वही

दिसत होतं असं मला वाटतं, निदान शहाण्यांना. तीन गोष्टी तर उघड्यावर होत्या.

एक म्हणजे त्या १६ वित्तसंस्था. त्यांचा धंदा काय, तर शेअरवर कर्ज देणं आणि स्वतः शेअर घेणं. बँकेचा शेअर चढतो कारण ती शेअरवर कर्ज देऊन नफा दाखवते. आणि ज्या शेअरवर कर्ज दिलंय त्यात दुसऱ्या बँकेचेच शेअर आहेत. गावात धान्य पिकवणाऱ्यांपेक्षा धान्यावर सावकारी करणारे जास्त झाले की जाणत्याला शंका यायलाच हवी. दुसरी गोष्ट, बॅक बेच्या ५०,००० च्या भावाचा मिळकतीशी मेळ. भरणी पूर्ण व्हायला वर्षं लागणार, मग जमीन विकली जाणार. ५,००० वर चांगला लाभांश देता येईलही, पण ५०,००० मोजणाऱ्याला साधं व्याज सुटायचं तर मुंबईतल्या जमिनीचा भाव कुठे जायला हवा, हा हिशेब कुणीही पेढीवर बसून करू शकला असता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वायदे. शेअर आज ठरलेल्या भावाने, पण पैसे आणि माल पुढच्या तारखेला. त्यातल्या फार मोठ्या व्यवहारांची तारीख एकच होती, १ जुलै १८६५. घेणाऱ्याकडे पैसे नव्हते, देणाऱ्याकडे शेअर नव्हते, दोघांचाही बेत त्या आधी सौदा तिसऱ्याच्या गळ्यात घालायचा. प्रत्येक जण म्हणत असणार, मी जूनमध्ये निघतो. मी कर्ज द्यायचो तेव्हा अशी माणसं समोर बसलेली पाहिली आहेत. ती मूर्ख नसतात. त्यांचं म्हणणं असतं, भाव खोटा आहे हे मलाही कळतं, पण अजून तीन महिने चढणार आहे. आणि तीन महिने तो चढतोही. आधी बाहेर पडलेला माणूस त्या तीन महिन्यांत शेजाऱ्यांच्या नजरेत येडा ठरतो.

मग एप्रिलअखेर-मेमध्ये अमेरिकेची बातमी आली. पर्शियन आखातातून तारेची केबल नुकतीच जोडली गेली होती, त्यामुळे पूर्वीसारखा बोटीने महिना लागला नाही. सगळ्यांना एकदमच कळलं. मे महिन्यातच बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी बुडाली, देणं तीन कोटींच्या वर. त्यांच्याकडून ज्यांना पैसे यायचे होते ते त्याच भरवशावर दुसऱ्यांना देणं लागत होते. विश्वास गेला तो इथे. आतापर्यंत लोक शेअर खरा की खोटा एवढंच बघत होते. आता माझ्या समोरचा १ जुलैला उभा राहील का, ही चिंता लागली. ही चिंता लागल्यावर उत्तम पेढीलाही उसनवार मिळत नाही. १ जुलै उजाडला तेव्हा बहुतेकांना हात वर करावे लागले. दिवाळखोरीची प्रकरणं इतकी की सरकारला त्या वर्षी खास कायदा करावा लागला.

एक मात्र मान्य करायला हवं. ही लक्षणं १८६४ च्या सुरुवातीलाही दिसत होती. तेव्हा जो बाहेर पडला त्याने पुढे वर्षभर भाव चढताना बघितला. फुगा आहे हे ओळखता येतं. कधी फुटेल, हे या लक्षणांवरून सांगता येत नाही.

सह्यकडा

कर्जाचा मुद्दा पटला, उदाहरणामुळे तर नीटच पटला. पण बातमीचं महत्त्व तुम्ही कमी लेखताय असं अजूनही वाटतं. लढाई आणखी दोन वर्षं चालली असती तर कापसाचा पैसा येत राहिला असता, १ जुलै पार पडली असती आणि बॅक बेची थोडी तरी जमीन वर आली असती.

जुनी_वही

१ जुलै पार पडली असती, हे शक्य आहे. मग पुढची तारीख आली असती, आणखी मोठ्या आकड्यांची. माझ्या मते १८६७ ला जास्त माणसं बुडाली असती. पण हे दोघांनाही सिद्ध करता येणार नाही.

कपाशी_अकोला

सगळं मुंबईचंच चाललंय म्हणून लिहितो. आमचं गाव अकोल्याजवळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या कपाशी. या तेजीत शेतकऱ्याच्या हातीही पैसा आला होता, हे विसरू नका. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला उधारी मिळू लागली. मुंबईच्या पेढीने अडत्याला दिले, अडत्याने गावच्या सावकाराला, सावकाराने शेतकऱ्याला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, तोवर बराच माल बैलगाड्यांनीच जायचा, तरी पैसा आधी पोचला होता. मुंबईत पेढ्या बुडाल्या तेव्हा तीच साखळी उलटी फिरली. सावकार म्हणाला, जुनं फेडा, नवं मिळणार नाही. शेअर म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याच्या जमिनीवर बोजा चढला.

पुढे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या, ते याचंच फळ.

रेवती_गोरेगाव

हा धागा मला सुचलाच नव्हता, फार आभार. सुप्याचा उठाव १२ मे १८७५ चा. चौकशी आयोगानेही कापसाच्या तेजीतली उधारी आणि नंतरची टंचाई हे एक कारण मानलं होतं.

जुनी_वही

एक कारण म्हणून मान्य. पण सुपे भीमथडीतलं, पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. तिथे वऱ्हाड-खानदेशासारखी कपाशी नव्हती. नव्या मोजणीत वाढलेला सारा हे दुसरं मोठं कारण होतं, आणि मधे दहा वर्षं गेली होती. इतिहासकारांतही यावर एकमत नाही. वऱ्हाडात मात्र तुमची साखळी सरळ दिसते.

कपाशी_अकोला

सारा वाढला तोही कापसाचे चढे भाव बघूनच ना? म्हणजे फिरून तिथेच आलो. मी यावर ठाम आहे.

अपर्णा_दादर

प्रेमचंदांबद्दल कुणी चांगलं लिहील म्हणून थांबले होते. राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा आहे, आईचं नाव दिलेला. विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी त्यांनी चार लाख दिले ते १८६४ मध्ये, तेजीच्या ऐन काळात. काम पूर्ण झालं १८७८ ला. १९०६ पर्यंत जगले, कोसळल्यावरही पुन्हा उभे राहिले. अशा माणसाला सगळ्याचं मूळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जुनी_वही

मूळ ते नाहीत, बरोबर. पण निर्दोषही म्हणवत नाही. बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्यात बाहेर आलं ते असं की बँकेचे सेक्रेटरी जेम्स ब्लेअर यांनी प्रेमचंदांच्या शब्दावर प्रचंड कर्जं दिली, तारण अपुरं किंवा नावापुरतं. बँकेचं भांडवल तेजीत वाढवत २ कोटी ९ लाखांवर नेलं होतं, ते जवळजवळ सगळं गेलं.

तरी माझा जास्त राग संचालक मंडळावर आहे. सेक्रेटरीला मोकळं सोडलं कुणी? त्या मंडळात सरकारची माणसं होती. सरकार आत आहे म्हणून ठेवीदार निर्धास्त होते, आणि सरकारी माणसं बाकीचे बघतायत म्हणून निर्धास्त. कर्ज विभागात बसलेल्या माणसाला याची किंमत कळते. तेजीत तारण नेहमी भक्कम दिसतं, कारण त्याची किंमत त्याच तेजीने ठरवलेली असते. म्हणून तारण बघायच्या आधी विचारायचं असतं, की भाव निम्म्यावर आला तर हा माणूस कर्ज कशातून फेडेल. ब्लेअरने हे विचारल्याचं काही दिसत नाही.

अपर्णा_दादर

तेजीत असं विचारणारा सेक्रेटरी टिकला असता का, काका? गिऱ्हाईक शेजारच्या तीस बँकांत गेलं असतं.

जुनी_वही

नसता टिकला, बहुधा. म्हणूनच हे एका माणसाच्या विवेकावर सोडता येत नाही. आज आपल्याकडे शेअरच्या तारणावर बँकेने किती द्यावं याला वरून मर्यादा घातलेली आहे ती त्यासाठीच. पण मर्यादा बँकेला असते. नितीन यांच्या लेटरवर कुणी व्यक्तिगत कर्ज काढून पैसे भरले तर त्या बँकेच्या वहीत त्याची नोंद गृहबांधणी म्हणून येतच नाही.

नितीन_कोथरूड

मेव्हण्याने नेमकं तेच केलं होतं, व्यक्तिगत कर्ज. पाच वर्षं फेडत होता.

मंदार_ठाणे

मघाशी गोंधळ केला, पण आता एक खरंच विचारतो. मुंबईची लोकसंख्या यात कमी झाली का? इतके लोक आले असतील ना कामाला?

रेवती_गोरेगाव

झाली. १८६४ च्या मोजणीत ८,१६,५६२ आणि १८७२ ला ६,४४,४०५. पहिल्या मोजणीच्या अचूकतेबद्दल शंका घेतात, तरी एवढा फरक निव्वळ मोजणीचा नसावा. भरणीवरचे मजूर, गोदीतले हमाल, दलालांकडचे कारकून, काम संपल्यावर गावी गेले असणार.

भरणीतलं काही मागे राहिलंच. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भरलेली जमीन सरकारने पुढे विकत घेतली, १८७३ ला पोर्ट ट्रस्ट झालं ते तिच्यावर, आणि पश्चिमेच्या पट्टीवरून रेल्वे गेली. जमिनीची कल्पना खोटी नव्हती. त्या जमिनीचा भाव खोटा होता.

काका, आयोगापुढच्या साक्षी वाचायच्या आहेत. ब्लेअरची बाजू कुठे सविस्तर मिळेल का? अपर्णाताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात असू शकेल. आणि कपाशी_अकोला, तुमच्याकडे त्या काळातल्या अडत्यांच्या वह्या कुणाच्या घरी राहिल्या असतील तर त्यातली नुसती व्याजाची पानं बघायला मिळाली तरी खूप आहे, १८६३ ते ६७ ची.

कपाशी_अकोला

खामगावला एका ओळखीच्या घरी जुन्या चोपड्या आहेत, मोडीत. दिवाळीनंतर जातो आणि विचारतो. मोडी वाचणारं कुणी आहे का इथे?